मैत्रीण आणा, पॉइंट मिळवा: पण कधी आणि कशावर?

प्रश्न: नाशिकला कॉलेज रोडवर माझा दोन खुर्च्यांचा नेल स्टुडिओ आहे. एक्स्टेंशन १८००, रीफिल १०००, जेल पॉलिश ७००. सामान अनुक्रमे ३००, १५० आणि १०० रुपयांचं लागतं, मुलींना मूळ दरावर २० टक्के कमिशन देते. मैत्रिणीला आणणाऱ्या ग्राहकाला ५०० पॉइंट (१ पॉइंट = १ रुपया) आणि मैत्रिणीला २० टक्के सूट, अशी योजना आहे. त्यासाठी महिना १५०० रुपयांचं ॲप घेऊ का?

उत्तर: योजना जरूर करा, पण या आकड्यांवर नको. समजा, आलेल्या मैत्रिणीने फक्त जेल पॉलिश केलं. सूट जाऊन ५६० रुपये हातात येतात. सामान आणि कमिशनचे २४० वजा केले की ३२० उरतात आणि तुम्ही ५०० देऊन बसलेल्या असता. म्हणजे १८० रुपयांचा खड्डा, तोही भाडं आणि वीजबिल न धरता. एक्स्टेंशन केलं तर २८० उरतात, पण खुर्ची दोन-अडीच तास अडकते.

तुमच्या धंद्यातला पैसा पहिल्या भेटीत नाही, रीफिलमध्ये आहे. नख वाढून मुळाशी फट दिसली की तीनेक आठवड्यांनी ग्राहक परत येते, कमी वेळात काम होतं आणि १००० मधले ६५० तुमच्याकडे राहतात. म्हणून बक्षीस त्या भेटीला बांधा. मैत्रिणीला पहिल्या वेळी सरळ १५० रुपये सूट द्या. आणणारीला तेव्हा १०० पॉइंट, आणि मैत्रीण दुसऱ्यांदा येऊन बिल भरेल तेव्हा आणखी २००. सगळे पॉइंट दुसऱ्या भेटीवर ठेवले तर आणणारीचा उत्साह मावळतो, म्हणून थोडे आधी हवेतच. आता जेल पॉलिशवालीही पहिल्या भेटीत २१० रुपये देऊन जाते.

पॉइंट कशावर वापरता येतील, हे मला रकमेइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणणारी दर तीन आठवड्यांनी रीफिलला येणारच आहे. त्या बिलातून २०० वजा केले तर तुमच्या खिशातले पूर्ण २०० गेले. त्याऐवजी दोन बोटांवर नेल आर्ट किंवा क्रोम द्या. त्यात सामान थोडंच जातं, वेळ जातो. आणि वेळ मंगळवार ते गुरुवार सकाळी मोकळा असतो, तेव्हाचाच द्या. शनिवार-रविवारी आणि दिवाळी किंवा लग्नसराईच्या गर्दीत पॉइंट चालणार नाहीत, हे पहिल्या दिवसापासून कार्डावर छापा; नंतर सांगितलं तर ग्राहक दुखावते. सहा महिन्यांची मुदतही छापा, कारण न वापरलेला प्रत्येक पॉइंट हे तुमच्यावरचं देणं आहे.

आता खरा प्रश्न: यातल्या किती जणी तशाही आल्या असत्या? योजना सुरू करण्याआधी एक महिना प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कोणाकडून कळलं?’ एवढं विचारा आणि वहीत लिहा. समजा, मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिन्याला ६ येतात आणि योजनेनंतर ९ येऊ लागल्या. खऱ्या नव्या ३, पण बक्षीस ९ जणींमागे गेलं. सगळ्या रीफिलला परतल्या असं धरलं तर प्रत्येकीमागे ४५० प्रमाणे ४०५० रुपये, म्हणजे एका खऱ्या नव्या ग्राहकाला १३५० पडले. एक्स्टेंशन करणारी असेल तर सूट नसताना ती पहिल्या भेटीत ११४० आणि रीफिलला ६५० देते, म्हणजे दुसऱ्या भेटीतच खर्च वसूल. तुमच्या मूळ योजनेत हाच खर्च एक्स्टेंशनवर २५८० होतो आणि तो फिटायला चौथी भेट उजाडते.

गोंधळ होतो तो नावावरून. काम झाल्यावर, बिलाच्या वेळी ‘अगं, मला हिनेच सांगितलं होतं’ सुरू होतं, किंवा दोन जुन्या ग्राहक एकमेकींची नावं देतात. त्यामुळे बुकिंग करतानाच नाव घ्या आणि आधी कधीच न आलेला मोबाइल नंबर असेल तरच नोंद करा. स्टाफमधल्या मुलींनी आणलेल्या ओळखीच्यांना या योजनेतून वगळा. त्यांना कमिशन मिळतंच.

ॲप तूर्त नको. महिना १५०० म्हणजे दोनपेक्षा जास्त रीफिलची कमाई, आणि दोन खुर्च्यांचा हिशेब एक वही सहज पेलते: तारीख, नवी ग्राहक, कोणी पाठवली, दुसरी भेट, दिलेले पॉइंट, वापरलेले पॉइंट. तीन महिने चालवा. पाठवलेल्या मैत्रिणी पाच आठवड्यांच्या आत रीफिलला किती परततात, ते इन्स्टाग्राम पाहून आलेल्यांशी ताडून बघा. प्रमाण सारखंच किंवा कमी दिसलं, तर पॉइंट वाढवू नका. पहिल्या भेटीतलं काम टिकत नाहीये का, जेल कडेने सुटतंय का, ते आधी तपासा.