‘इक ओअंकार’मधला १ आणि ‘सतिनामु’चा उकार

प्रश्न : इक ओंकार म्हणजे आपला ॐच ना? आणि पुढे ‘सतिनामु’ असं लिहितात, तो ‘मु’ कशाला? नामसिमरन म्हणजे तेच नाव जपत बसायचं का?

ओ हे अक्षर ॐ वरूनच आलंय, पण खरी गंमत त्याच्या आधीच्या चिन्हात आहे. गुरू ग्रंथसाहिबाच्या सुरुवातीला ‘एक’ हा शब्द अक्षरात लिहिलेलाच नाहीये, तिथे १ हा आकडा आहे (गुरुमुखीतला १ अगदी आपल्या १ सारखाच दिसतो), त्याला लागून ऊडा म्हणजे ओ, आणि त्या ओची वर ताणलेली रेघ, ती ‘कार’ म्हणून वाचतात. शीख कवी भाई गुरदासांनी आपल्या तिसऱ्या वारेत, म्हणजे दीर्घ कवितेत हेच सांगितलंय, की आधी ‘एका’ म्हणजे १ चा आकडा लिहून दाखवला आणि मग ऊडा त्याच्या शेजारी बसवला. शब्दाचं अनेकवचन होतं, त्याला विभक्ती लागते, आकड्याला यातलं काहीच होत नाही. म्हणून ॐ मधल्या अ-उ-म चे तीन देव करायचा अर्थ इथे लागूच पडत नाही, १ आधीच येऊन बसलाय.

आता ‘मु’. हा उकार म्हणायचा नसतो, ‘सति’ची इकार पण नाही, उच्चार ‘सतनाम’ असाच. मग लिहिलाय कशाला तर तो व्याकरणाचा आहे, पुल्लिंगी एकवचनी शब्दाची खूण. ‘नामु’ म्हणजे एकच नाम. पुढे शब्दयोगी आला की उकार गळतो, म्हणून ग्रंथसाहिबातल्याच ‘सुखमनी’ या रचनेत ‘नाम के धारे सगले जंत’ असं आहे, तिथे उकार नाही. आपल्याला हे परकं वाटायला नको, ज्ञानेश्वरीत ‘देवा तूंचि गणेशु’ आहेच की! अपभ्रंशातून आलेला तोच उकार, फक्त आपल्याकडे तो पुढे गळून गेला आणि गुरबाणीच्या लिखाणात राहिला.

सिमरन म्हणजे सरळ स्मरण, स्म चा सिम झालाय. जपणं जिभेचं, ‘वाहिगुरू’ म्हणत राहणं, आणि ते पहाटे अमृतवेळेला करतातच. पण आठवण ही जीभ थांबल्यावरही चालू राहायला हवी, सिमरनचं वजन तिथे आहे. हे सगळ्यात नीट सांगितलंय आपल्या नामदेवांच्या तोंडून, ग्रंथसाहिबात कबीरांच्या सलोकांमध्ये. संत त्रिलोचन नामदेवांना विचारतात, अरे तू कापड छापत काय बसलायस, रामनामात चित्त का लावत नाहीस? त्यावर नामा म्हणतो,

‘नामा कहै तिलोचना मुख ते रामु संम्हालि ॥
हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि ॥’

तोंडात राम, हातपाय सगळं काम करतायत आणि चित्त निरंजनापाशी. ‘रामु, कामु, सभु, चीतु’ बघा, सगळीकडे तोच उकार, आणि वाचताना मात्र राम, काम, सभ, चीत.