भागीदारीतून बाहेर पडताना : पत्र भागीदारांना, पण सुटका बाहेरच्यांकडून

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमची तिघांची नोंदणीकृत पार्टनरशिप फर्म आहे, पावडर कोटिंगचं काम. मला ३० सप्टेंबरला बाहेर पडायचंय. पत्रात काय लिहू? भांडवल कसं मागू? नंतर जीएसटीची किंवा बँकेची नोटीस आली तर मी अडकेन का?

उत्तर : मी ठाण्यात छोट्या फर्मची खाती आणि जीएसटी बघतो. सगळ्यांचं लक्ष पैशांच्या हिशोबावर असतं, पण लोक अडकतात ते तुमच्या शेवटच्या प्रश्नात.

आधी डीड, म्हणजे तुमचा भागीदारीचा करार, काढून वाचा. निवृत्तीची मुदत, समजा तीन महिन्यांची नोटीस, ठरलेली असेल तर ती पाळावी लागेल. डीडमध्ये ना भागीदारीचा कालावधी ठरलाय ना ती संपवायची रीत, असं असेल तर ती मर्जीवरची भागीदारी. तिच्यातून भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ नुसार, बाकीच्या सर्व भागीदारांना लेखी सूचना देऊन निवृत्त होता येतं. पत्रात तारीख स्पष्ट हवी : ‘दि. ३० सप्टेंबर रोजी कामकाज संपल्यापासून मी फर्ममधून निवृत्त होत आहे.’ ‘लवकरच’, ‘हिशोब झाल्यावर’ असलं काही नको. दोघांना वेगवेगळं पत्र द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवर टाकून भागवू नका. (फर्म दोघांचीच असती तर एक जण गेल्यावर भागीदारीच उरली नसती, ते प्रकरण वेगळं.)

हिशोब मार्चच्या ताळेबंदावर नाही, ३० सप्टेंबरच्या ताळेबंदावर मागा. आकडे धरून बघू. मार्चअखेर तुमचं भांडवल ६,४०,००० रुपये. सहा महिन्यांचा नफा २,१०,०००, त्यात तुमचा तिसरा हिस्सा ७०,०००. उचल ९०,०००. म्हणजे भांडवल ६,२०,००० झालं. आता एका गिऱ्हाइकाकडे दीड लाख रुपये दोन वर्षं अडकलेत आणि बाकीचे दोघं ते बुडीत धरा म्हणतात. धरू द्या, तुमचे ५०,००० कमी होऊन ५,७०,००० उरतील. फक्त निवृत्ती करारात एक ओळ घाला : ही रक्कम पुढे वसूल झाली तर तिसरा हिस्सा तुमचा. या ओळीवाचून भांडणं झालेली मी पाहिलीत. तुम्ही फर्मला वेगळं दोन लाख कर्ज दिलं असेल तर ते भांडवलात मिसळू नका, वेगळं दाखवा. एकूण येणं ७,७०,००० होईल.

पैसे हप्त्यांनी मिळणार असतील तर तारखा आणि व्याज करारात ठरवा. काहीच ठरलं नाही, अंतिम हिशोब झाला नाही आणि उरलेले भागीदार तुमचं भांडवल वापरत धंदा चालवत राहिले, तर कलम ३७ तुम्हाला निवड देतं : तुमच्या पैशातून झालेल्या नफ्याचा वाटा, किंवा द.सा.द.शे. ६ टक्के व्याज.

आता मुख्य गोष्ट. ‘यापुढची सगळी देणी उरलेले भागीदार भरतील’ हे वाक्य करारात जरूर घाला, पण ते फक्त तुम्हा तिघांना बांधतं. माल देणारा, बँक किंवा जीएसटी खातं यांनी त्यावर सही केलेली नसते. ते तुमच्याकडून वसूल करू शकतात, मग तुम्ही भागीदारांच्या मागे लागायचं. निवृत्तीआधीच्या देण्यांतून सुटायचं तर ज्याचं देणं आहे त्याच्याशी आणि उरलेल्या भागीदारांशी मिळून करार करावा लागतो. निवृत्तीनंतरच्या व्यवहारांसाठी जाहीर सूचना लागते : रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदलाची नोंद, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि फर्मचा धंदा ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात जाहिरात. ती होईपर्यंत, तुम्ही भागीदार होता हे माहीत असणारा पुरवठादार तुम्हाला धरू शकतो.

जीएसटीची वेळ तर आणखी काटेकोर. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९० प्रमाणे निवृत्तीची लेखी माहिती आयुक्तांना द्यायची असते. ती एका महिन्यात दिली नाही, तर माहिती पोहोचेल त्या दिवसापर्यंतच्या कराची जबाबदारी तुमच्यावर राहते. ३० सप्टेंबरला निघालात आणि पत्र जानेवारीत गेलं, तर मधल्या महिन्यांचा न भरलेला कर तुमच्याही डोक्यावर. वेळेत पत्र दिलं तरी ३० सप्टेंबरपर्यंतच्या कराची जबाबदारी सुटत नाही, मग त्याची आकारणी नंतर का होईना. सुदैवाने हे पत्र फर्मनेच द्यावं असं नाही, निवृत्त भागीदारही देऊ शकतो. ते स्वतः द्या, शिक्क्याची प्रत ठेवा. पोर्टलवरच्या नोंदणीतून तुमचं नाव काढण्याचा अर्ज फर्मने करायचा असतो, तोही झाला का ते तपासा. अधिकृत सही करणारे तुम्हीच असाल तर दुसरा नेमून घ्या.

बँकेचं कॅश क्रेडिट असेल आणि तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, तर पुढच्या उचलीपुरती हमी रद्द करत असल्याचं पत्र बँकेला द्या आणि त्या दिवसाची बाकी लेखी मागून घ्या. त्या तारखेपर्यंतच्या बाकीवर तुमची हमी राहतेच. म्हणून बँक उरलेल्या दोघांच्या नावावर नवीन मंजुरी देऊन तुम्हाला लेखी मोकळं करत नाही, तोवर ‘सर्व रक्कम पावली, दावा उरला नाही’ अशा पावतीवर सही करू नका.