बॅटर फ्राय मासा पहिल्यांदाच करताय? मग एवढं बघा

तळताना कोटिंग गळून पडतं ना, ते बहुतेक मासा ओला राहिल्यामुळे. फिले टिपून अगदी कोरडी करा, सुक्या मैद्यात घोळवा आणि मगच बॅटरमध्ये. बॅटर मैदा, थोडं तांदळाचं पीठ आणि फ्रिजमधलं गार सोडा वॉटर, आयत्या वेळी कालवायचं, गुठळ्या राहिल्या तरी चालतील, जास्त फेटलंत की चिवट होतं.

तेल १८० डिग्री. थर्मामीटर नसेल तर बॅटरचा थेंब टाका, तळाशी बसला तर तेल थंड आहे, लगेच काळपटला तर फार तापलंय.

- एक सेंटीमीटर जाड तुकडा साधारण तीन मिनिटं, दोन सेंटीमीटरचा पाच-सहा.
- एकावेळी दोनच तुकडे, नाहीतर तेल गार होऊन कोटिंग तेलकट होतं (माझं पहिल्यांदा हेच झालेलं).

काढल्यावर जाळीवर ठेवा, टिश्यूवर खालून मऊ पडतं.