साडेनऊला पडून झोप येत नसेल, तर साडेनऊला पडू नका

प्रश्न : मी डिचोलीहून रोज वेर्ण्याला जातो, ऑफिसचंच काम आहे. कंपनीची बस लवकर, त्यामुळे पावणेसहाला उठावंच लागतं. म्हणून रात्री साडेनऊलाच पडतो, पण पावणेबाराशिवाय डोळा लागत नाही. मध्येही एक-दोनदा जाग येते. परतीच्या बसमध्ये मात्र छान झोप लागते. रविवारी दहापर्यंत झोपून भरपाई करतो. दोन महिने हे चाललंय. मेडिकलमधून गोळी आणावी का?

उत्तर :

गोळी आणू नका. का ते शेवटी सांगतो. आधी तुमच्याच आकड्यांकडे बघा, कारण उत्तर त्यांतच आहे.

साडेनऊ ते पावणेसहा म्हणजे सव्वाआठ तास तुम्ही अंथरुणात असता. त्यातले सव्वादोन तास झोपेची वाट बघण्यात जातात. मधल्या जागरणाचा अर्धा तास धरला, तर खरी झोप उरते साडेपाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेचा साधारण तिसरा हिस्सा तुम्ही जागेच असता, आणि हे रोज घडलं की पाठ टेकणं आणि तळमळणं यांची जोडी जमते. हॉलमध्ये टीव्हीसमोर पेंगणारा माणूस खोलीत येऊन आडवा झाला की टक्क जागा होतो, तो यामुळेच.

निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी जी वर्तनोपचार पद्धत सुचवली जाते, तिचा गाभा इथे सरळ लागू पडतो. जेवढी झोप येते, साधारण तेवढाच वेळ अंथरुणाला द्यायचा. तुमची उठायची वेळ बसने ठरवून दिली आहे, तेव्हा तिथून मागे मोजू. साडेपाच तासांत अर्धा तास सूट मिळवून सहा तास धरा. म्हणजे पडायची वेळ पावणेबारा. त्याआधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, कितीही कंटाळा आला तरी. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात : झोप येत नाही म्हणतोय आणि हा आणखी उशिरा झोपायला सांगतोय! पण उशिरा पडल्यामुळे झोपेची ओढ साठते, डोळा लवकर लागतो आणि मधली जाग कमी होते.

एक आठवडा असं करा आणि रोज सकाळी अंदाजाने दोन ओळी लिहा : किती वाजता पडलो, साधारण कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागा होतो. रात्री घड्याळ बघून नोंदी करू नका, नाहीतर घड्याळच जागं ठेवेल. आठवड्याची सरासरी काढा. सहा तासांपैकी पाच तास दहा मिनिटांच्या आसपास किंवा जास्त झोप झाली असेल, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांवर गेलात, तर पुढच्या आठवड्यात साडेअकराला पडा. तिथेही जमलं, तर सव्वाअकरा. दर आठवड्याला पंधरा मिनिटं, त्याहून घाई नको. ज्या वेळेला दिवसा ताजंतवानं वाटू लागेल, तिथे थांबा. सरासरी खाली राहिली, तर त्याच वेळेवर आणखी एक आठवडा काढा, पण अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीच नेऊ नका.

पहिला आठवडा जड जातो हे आधीच सांगून ठेवतो. दुपारी डोळे जड होतील. बसस्टॉपपर्यंत स्कूटरने जात असाल, तर त्या दिवसांत घरच्या कुणाला तरी सोडायला सांगा. ऑफिसऐवजी तुम्ही यंत्रावर काम करणारे असता किंवा स्वतः गाडी हाकत वेर्ण्याला जाणारे असता, तर ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करा असं मी म्हटलंच नसतं. फिट्सचा आजार, बायपोलर किंवा गरोदरपण असेल, तरीही तेच.

आता बसमधली झोप. तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. पणजी मागे पडली की अर्धी बस माना टाकते, हे वर्षानुवर्षं बघितलंय. पण संध्याकाळी साडेसहाची अर्धा तास झोप म्हणजे जेवणाआधी पोटभर भजी. रात्रीची भूक तिथेच मरते. परतीच्या प्रवासात जागं राहायचं. खिडकीची जागा दुसऱ्याला द्या, शेजाऱ्याशी बोला, गाणी ऐका, उभं राहावं लागलं तरी चालेल. दिवसा अगदीच असह्य झालं, तर जेवणाच्या सुट्टीत गजर लावून वीस मिनिटं डोळे मिटा. आपल्याकडची रविवारची शीत-कडी जेवून होणारी दोन तासांची वामकुक्षी मात्र हे चालू असेपर्यंत बंद.

रविवारचंही तसंच. दहाला उठलात, तर त्या रात्री झोप येणार कुठून? आणि मग सोमवारी पहाटे बस. फार तर पावणेसातपर्यंत झोपा. आदल्या रात्री जत्रेला जाऊन दशावतार बघून पहाटे आलात, तरी उठायचं वेळेवरच. एक दिवस पेंगाल, पण घडी मोडणार नाही.

पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, किंवा मध्ये जाग येऊन चिडचिड सुरू झाली, तर उठा. घरचे झोपलेले असतील, तर बल्कांवात किंवा हॉलमध्ये मंद उजेडात बसा, काहीतरी बिनमहत्त्वाचं वाचा. पापण्या जड झाल्या की परत या. रात्रीत तीनदा करावं लागलं तर तीनदा. फोन हातात घेऊ नका : उजेडापेक्षा त्यातले ऑफिसचे मेसेज जास्त जागवतात, असं माझं मत.

चहाबद्दल थोडक्यात. घरी पोचल्यावर सातला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीच्या सुमारास अंगात असू शकतं. शेवटचा कप दुपारी तीनच्या आत. आणि हुर्राकाचा मोसम असो वा नसो, झोपेसाठी म्हणून पेग घेऊ नका. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, आणि तुमची मधली जाग त्यानेच वाढेल.

आता डॉक्टरांचं. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल आणि ते तीन महिने टिकलं, तर तो दीर्घकाळचा निद्रानाश, आणि त्याला घरगुती उपाय पुरत नाहीत. तुमचे दोन महिने झालेच आहेत. वर सांगितलेलं नीट करूनही महिन्याभरात फरक नसेल, तर जा. काही गोष्टींत तेवढंही थांबू नका : जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं (हे बायकोला विचारा, आपल्याला कळत नाही), रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं, किंवा मन उदास राहून कशातच रस न उरणं. पहिल्या दोन्हींमागे झोपेतला श्वासरोध असू शकतो, आणि त्यावर झोपेच्या गोळीने काही ठिकाणी त्रास वाढतो. थायरॉइड किंवा चालू असलेलं एखादं औषधही कारण असू शकतं, ते डॉक्टरच शोधतील.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. गरज पडली, तर बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे झोपेसाठी गेलं म्हणून कुणी वेडा ठरत नाही. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर वाट बघायची नाही : टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो आणि फुकट आहे.

मेडिकलमधून कुणीतरी हळूच देतो त्या गोळ्या बहुतेक अल्प्राझोलामसारख्या असतात. त्यांची सवय लागते, आणि एकदम बंद केल्या की झोप आधीपेक्षा वाईट होते. आधीच कुणी घेत असेल, तर स्वतःच्या मनाने थांबवू नये, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. भेटायला जाताना तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदींची वही सोबत न्या.