न्यूमेरिकल अडतं ते बायसिंगपाशी

"सर, मी शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला चार आठवडे उरलेत. थिअरी लिहिता येते, पण अ‍ॅम्प्लिफायरचं न्यूमेरिकल आलं की हात थांबतो. केटी लागेल अशी भीती वाटते. कळवा ते दादर येण्याजाण्यात रोज दोन तास जातात. तयारी कशी करू?" – एक विद्यार्थिनी, कळवा

पहिला आठवडा सगळा डीसी बायसिंगला दे. या आठवड्यात गेन काढूच नकोस. बहुतेक मुलांचं गणित गेनच्या सूत्रात चुकत नाही, त्याआधीच चुकलेलं असतं.

समज, व्होल्टेज डिव्हायडर बायस आहे. पुरवठा 12 व्होल्ट, R1 = 50 kΩ, R2 = 10 kΩ, RC = 4.7 kΩ, RE = 1.3 kΩ आणि बीटा 100. बेसचा करंट सोडून दिला तर बेसवर 12 चा सहावा हिस्सा, म्हणजे 2 व्होल्ट येतात. त्यातून 0.7 गेले, एमिटरवर 1.3 उरले, म्हणून करंट 1 मिलिअँपिअर. कलेक्टरवर 7.3 आणि VCE 6 व्होल्ट.

इथे थांब आणि दोन गोष्टी तपास. बेसचा करंट सोडलेला चालतो का? बीटा गुणिले RE म्हणजे 130 kΩ. ते R2 च्या दहापटीहून जास्त आहे, म्हणून चालतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅक्टिव्ह आहे का? VCE 0.2 व्होल्टच्या बरंच वर आहे, म्हणजे आहे. RC 15 kΩ असता तर याच हिशेबाने कलेक्टरवर उणे 3 व्होल्ट आले असते. असं उत्तर आलं की ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये आहे असं ओळखायचं. पुढे गेनचं सूत्र लावायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात हेच सर्किट एसीसाठी सोडव. re = 26 mV / 1 mA, म्हणजे 26 Ω. एमिटरला बायपास कपॅसिटर असेल तर लोड नसताना गेन 4700 / 26, सुमारे 180, आणि फेज उलटी. तोच कपॅसिटर काढला तर 4700 / 1326, जेमतेम 3.5. एका कपॅसिटरकडे दुर्लक्ष झालं की उत्तर पन्नासपटीने चुकतं. लोकलमध्ये उभ्याने गणित होणार नाही, पण मोबाइलवर सर्किटचा फोटो उघडून कुठला कपॅसिटर एसीला शॉर्ट होतो आणि कुठलं टोक ग्राउंडला जातं, एवढं मनात सांगता येतं. तुझे दोन तास त्याला वापर.

तिसरा आठवडा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि ऑप-अँपचा. ऑप-अँपमध्ये व्हर्च्युअल शॉर्ट फक्त निगेटिव्ह फीडबॅकमध्ये धरायचा. श्मिट ट्रिगरला तो लावलास तर पूर्ण गणित जाईल.

चौथ्या आठवड्यात घड्याळ लावून जुने पेपर सोडव. आकडेमोडीत किलोओहम आणि मिलिअँपिअर तसेच ठेव. गुणाकार थेट व्होल्टमध्ये येतो, दहाच्या घातांमध्ये वेळ जात नाही.