सूत्राला हात घालण्याआधी: द्रव कुठून जातोय आणि कसा?

प्रश्न: सर, परीक्षेला तीन आठवडे उरलेत. कन्व्हेक्शनची सगळी कोरिलेशन्स पाठ आहेत, तरी गणितं चुकतात. सोबत पाठवलेल्या तेलाच्या गणितात मी डिट्टस-बोल्टर वापरलं, h आला 142. उत्तरसूचीत 74 आहे. मित्र म्हणाला, 3.66 घे. मग 20 आला! मला पुढे हीट एक्स्चेंजर डिझाइनमध्ये जायचंय. हे मला जमणारं क्षेत्र आहे का?

उत्तर: तुझी आकडेमोड मी तपासली. दोन्ही वेळा ती बरोबर आहे. चूक त्याच्या आधी झाली. गणितात पाइप आणि वेग दिसला की तुझा हात थेट डिट्टस-बोल्टरकडे जातो. ते सूत्र टर्ब्युलंट प्रवाहासाठी आहे, साधारण रेनॉल्ड्स 10,000 च्या वर.

तुझ्या गणितात नळीचा आतला व्यास 0.025 मीटर, वेग 0.8 मीटर प्रति सेकंद आणि तेलाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 0.0001 मीटर वर्ग प्रति सेकंद आहे. रेनॉल्ड्स काढायला अर्धा मिनिट पुरतो: 0.8 × 0.025 ÷ 0.0001, म्हणजे 200. नळीत 2300 च्या खाली प्रवाह लॅमिनार असतो. म्हणजे डिट्टस-बोल्टर इथेच बाद. कॅल्क्युलेटर त्यात 200 टाकल्यावर कुरकुर करत नाही, मुकाट्याने नुसेल्ट 25 देतो. म्हणून ही चूक कळत नाही.

आता मित्राच्या 3.66 बद्दल. गोल नळी, भिंतीचं तापमान स्थिर, लॅमिनार प्रवाह हे त्याने नीट ओळखलं. पण तो आकडा तापमानाचा प्रोफाइल पूर्ण विकसित झाल्यानंतरचा आहे. तो विकसित व्हायला किती लांबी लागते? ढोबळमानाने 0.05 × Re × Pr × D. तुझ्या तेलाचा प्रांट्ल 1000 आहे, म्हणजे 0.05 × 200 × 1000 × 0.025 = 250 मीटर. नळी आहे 10 मीटरची! वेगाचा प्रोफाइल मात्र 25 सेंटिमीटरमध्येच बसतो, कारण त्या हिशेबात प्रांट्ल येत नाही. तेलात ही तफावत प्रचंड असते आणि बहुतेक मुलं इथेच फसतात. भिंतीलगतचा पातळ थर तापतो, पण मधल्या तेलापर्यंत उष्णता पोचायच्या आतच नळी संपते. थर पातळ म्हणून उष्णता 3.66 सांगतो त्यापेक्षा जास्त वेगाने जाते.

अशा वेळी हाउसेनचं सूत्र घे:

```
Nu = 3.66 + 0.0668 Gz / (1 + 0.04 Gz^(2/3))
Gz = Re Pr D / L
```

Gz इथे 500 येतो आणि नुसेल्ट साधारण 13.1. कंडक्टिव्हिटी 0.14 धरली की h ≈ 74 वॉट प्रति चौरस मीटर केल्व्हिन. लांबी वाढवत गेलीस की हेच सूत्र 3.66 कडे सरकतं. एकदा करून बघ, म्हणजे मित्राचा आकडा कुठे लागू होतो ते दिसेल.

भूमितीकडे पण तितक्याच बारकाईने बघ. प्रश्नात ‘नळीतून’ आहे की ‘नळीवरून’, यावर पेन्सिलने खूण कर. वारा नळीच्या बाहेरून आडवा जात असेल, तर आत चालणारं एकही सूत्र चालत नाही, सिलिंडरवरच्या आडव्या प्रवाहाचं घ्यावं लागतं. रेनॉल्ड्स 20,000 नळीत टर्ब्युलंट असतो. सपाट प्लेटवर तोच आकडा लॅमिनार, कारण तिथली सीमा साधारण 5 लाख आहे आणि लांबीही व्यासाऐवजी प्लेटच्या टोकापासून मोजायची. म्हणून रेनॉल्ड्स काढण्याआधी आकृती काढ, कोणती लांबी घ्यायची ते तिच्यावरूनच कळतं. (नळीत 3000 ते 10,000 च्या मध्ये आलीस तर ग्निलिन्स्की.)

आता क्षेत्राबद्दल. एक्स्चेंजर डिझाइन करताना नळीच्या आतल्या बाजूला एक कोरिलेशन लागतं, बाहेरच्या बाजूला वेगळं, आणि दोन्ही आधी प्रवाह बघूनच निवडतात. तुझा 142 तसाच पुढे गेला असता आणि मुख्य अडथळा तेलाच्याच बाजूला असता, तर लागणाऱ्या क्षेत्रफळाच्या जवळपास निम्म्याच क्षेत्रफळाचा एक्स्चेंजर तयार झाला असता आणि तेल हव्या त्या तापमानाला पोचलंच नसतं. उत्तर जुळत नाही म्हणून तू थांबलीस, दुसरं सूत्र लावून पाहिलंस आणि तेही जुळेना तेव्हा विचारलंस. डिझाइनला असंच माणूस लागतं, तेव्हा हे क्षेत्र सोडू नकोस.

तीन आठवड्यांत नवीन सूत्रं पाठ करू नकोस. जुन्या प्रश्नपत्रिकांतली कन्व्हेक्शनची तीस गणितं घे आणि ती पूर्ण सोडवू नकोस. प्रत्येकाची फक्त आकृती काढ, रेनॉल्ड्स काढ, नळी असेल तर प्रवेश-लांबी काढ, आणि शेजारी सूत्राचं नाव लिहून पुढे जा. पहिली दहा झाली की वही मला पाठव.