वीस गुणांचं उत्तर आणि तुझी स्वतःची मोजपट्टी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं सरावाचं उत्तर आणि त्याला तू स्वतः दिलेले गुण, दोन्ही मिळालं. तू स्वतःला 20 पैकी 15 दिलेस, मी पेन्सिलीने 9 लिहिले आहेत. हा सहा गुणांचा फरक कुठून आला एवढंच या पत्रात लिहिते. तो कळला तर अभ्यासिकेत एकटी बसूनही तुला स्वतःचं उत्तर तपासता येईल.

प्रश्न असा होता: ‘अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, तरी कायदा तिला पूर्ण मोकळी सोडत नाही. चर्चा करा.’ ‘अज्ञान’ म्हणजे इथे वयाने सज्ञान न झालेली. तू साडेचार पानं लिहिलीस. त्यातली जवळजवळ दोन पानं मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या 1903 च्या खटल्याच्या हकिकतीत गेली. गहाणखत, सावकार, वीस हजारांचं कर्ज, आईच्या वकिलाचं पत्र, सगळं नीट लिहिलं आहेस. ती पानं लिहिताना तुझा हात सुटला आणि आपल्याला येतंय असं तुला वाटलं. तपासणाऱ्याला मात्र त्या दोन पानांत गुण द्यायला एकच जागा सापडते.

ती जागा कोणती, ते बघ. करार कायद्याचं कलम 10 म्हणतं की पक्ष सक्षम हवेत. कलम 11 सांगतं की सक्षम कोण: सज्ञान, शुद्ध मनाचा आणि कोणत्याही कायद्याने अपात्र न ठरलेला. पण अज्ञानाने करार केलाच, तर तो शून्य की शून्यकरणीय, म्हणजे मागाहून रद्द करता येण्याजोगा, हे कलम 11 सांगत नाही. ती पोकळी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, भरली: शून्य, आणि तोही सुरुवातीपासून. खटल्याचा आधार द्यायचा तो यासाठी. ‘कलमात जे लिहिलेलं नाही ते या निर्णयाने ठरवलं’ हे एक वाक्य तुझ्या उत्तरात असतं, तर हकिकत सहा ओळींत आटोपली असती. ते वाक्य तुझ्याकडे नाही. उलट तिसऱ्या पानावर ‘असा शून्यकरणीय करार’ असं लिहून तू पहिल्या पानावरचं आपलंच म्हणणं खोडलं आहेस.

कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर, तपासणी कशी चालते ते तुला माहीत असायला हवं. समोर गठ्ठा असतो, शेजारी मुद्द्यांचा आराखडा असतो आणि एका उत्तराला मिनिटं थोडीच मिळतात. मी तपासायला बसू लागले तेव्हा पहिल्या दहा पेपरांना कडक आणि दुपारनंतरच्या पेपरांना सैल गुण जायचे. ते लक्षात आल्यावर मी उत्तराला एकदम गुण देणं सोडलं. प्रत्येक घटकाला वेगळे गुण समासात लिहायचे आणि मग बेरीज करायची. बहुतेक अनुभवी परीक्षक मनातल्या मनात हेच करतात. तुझी मोजपट्टी, म्हणजे ज्याला तुम्ही मुलं रुब्रिक म्हणता, तीही अशीच हवी.

ती प्रश्नाच्या शब्दांतून काढायची, आणि उत्तर लिहिण्याआधी. उत्तर लिहून झाल्यावर केलेली मोजपट्टी आपण जे लिहिलं त्याच्याच मापाची होते. आपल्या प्रश्नात तीन शब्द काम करतात: ‘मुळातच’, ‘तरी’ आणि ‘पूर्ण’. ‘मुळातच’ म्हणजे करार शून्य का आणि कधीपासून. ‘पूर्ण’ म्हणजे अंशतः तरी बांधील धरतात, तर ते कुठे. आणि ‘तरी’ हा बिजागरीचा शब्द: शून्य करारातून जबाबदारी निघत नाही, मग ही जबाबदारी येते कुठून? तुझ्या उत्तराची पहिली चार पानं ‘मुळातच’वर आहेत, ‘तरी’ला शेवटच्या सात ओळी मिळाल्या. हे उत्तर अर्ध्या प्रश्नाचं आहे.

या प्रश्नासाठी मी केलेली मोजपट्टी अशी. प्रश्नाला थेट उत्तर, 4. नियम अचूक, 5. आधार कशासाठी दिला ते स्पष्ट, 4. युक्तिवाद आणि दुसरी बाजू, 5. मांडणी, 2. नुसती नावं आणि आकडे लिहून भागत नाही. प्रत्येक आकड्याला पानावर काय दिसलं पाहिजे ते लिहायचं. उदाहरणार्थ युक्तिवादाच्या ओळीत: नियम एकाखाली एक मांडले असतील तर 1; दोन्ही बाजू दिसतात पण एकमेकींना भिडत नाहीत, तर 2 ते 3; त्या का भिडतात ते सांगून लेखिका कारणासह एका बाजूला उभी राहते, तर 4 ते 5. ‘चांगला युक्तिवाद’ असं लिहिलंस तर ती ओळ निरुपयोगी, कारण आपला युक्तिवाद आपल्याला चांगलाच वाटतो.

आता तुझे गुण आणि माझे. थेट उत्तराला तू 3 दिलेस, मी 1, कारण पहिल्या परिच्छेदात करार कायद्याचा इतिहास आहे आणि तुझं मत पहिल्यांदा दिसतं ते शेवटच्या पानावर. नियमाला तू 4, मी 3. आधाराला तू 3, मी 2, त्याचं कारण वर आलं. मांडणीला दोघींनीही 2, तुझं अक्षर आणि परिच्छेद सुरेख आहेत. युक्तिवादाला तू 3, मी 1. सगळ्यात महत्त्वाचं भांडण इथेच आहे, म्हणून इथे थांबते.

‘तरी’च्या सात ओळींत तू कलम 68 लिहिलंस: जीवनावश्यक वस्तू पुरवल्या तर अज्ञान व्यक्ती पैसे देण्यास जबाबदार. हे चूक आहे, आणि ही चूक उत्तराच्या गाभ्याला लागते. कलम 68 प्रमाणे पुरवठा करणाऱ्याला त्या व्यक्तीच्या मालमत्तेतून भरपाई मिळते. व्यक्ती स्वतः जबाबदार होत नाही. मालमत्ता नसेल तर पुरवठादाराच्या हाती काही लागत नाही. शिवाय हा हक्क करारातून येत नाही, कायदाच तो देतो. म्हणजे ‘तरी’चं उत्तर इथेच होतं: करार शून्यच राहतो, जबाबदारी कराराबाहेरून येते. तू दारापर्यंत गेलीस आणि परत फिरलीस.

दुसरं, विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 चं कलम 33 तुझ्या उत्तरात नाहीच. त्यामागे खरा वाद आहे. वय खोटं सांगून पैसे घेतलेल्या अज्ञानाने ते परत करावेत का? 1928 मध्ये लाहोरच्या पूर्णपीठाने खान गुल विरुद्ध लाखा सिंग या खटल्यात हो म्हटलं. 1937 मध्ये अलाहाबादच्या पूर्णपीठाने अजुध्या प्रसाद विरुद्ध चंदन लाल मध्ये नकार दिला. पैसे परत करायला लावणं म्हणजे शून्य करार मागल्या दाराने अमलात आणणं, अशी त्या बाजूची भूमिका. पुढे कलम 33 आलं. अज्ञान स्वतः दस्त रद्द करून मागत असेल, तर न्यायालय त्याला मिळालेला लाभ परत करायला सांगू शकतं. तो प्रतिवादी असेल आणि अक्षमतेच्या मुद्द्यावर दावा परतवून लावत असेल, तरीही सांगू शकतं, पण त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरतंच. कर्जाचे पैसे त्याने उधळून टाकले असतील तर ‘लाभ’ झाला का? इथे तू तुझं मत मांडायचंस. माझं मत विचारशील तर, हातात काही उरलं नसेल तर परतफेड लावू नये, नाहीतर ते कर्जवसुलीसारखंच होईल. तू उलट बाजू घेतलीस आणि कारण दिलंस तरी मी 4 देईन. परीक्षक त्याच्याशी सहमत होण्याचे गुण देत नाही, हे बहुतेक मुलांना खरं वाटत नाही.

आणखी एक. तू ‘मोहरीबीबी ही अज्ञान होती’ असं लिहिलं आहेस. अज्ञान होता धर्मोदास. मोहरीबीबी ही सावकार ब्रह्मो दत्तच्या बाजूची, त्याच्या मृत्यूनंतर अपील चालवणाऱ्यांपैकी एक. ही चूक दर गठ्ठ्यात दिसते. मी त्याचा अर्धा गुणच कापते, कारण निर्णय काय झाला ते तुला कळलेलं आहे. कलम 68 च्या चुकीचा मात्र दीड. तोच दोष युक्तिवादात पुन्हा कापला नाही. एका चुकीची किंमत एकाच ओळीत मोजायची, हे तूही पाळ, नाहीतर मोजपट्टी उगाच निष्ठुर होते.

मोजपट्टीने एक गोष्ट पकडता येत नाही, ती म्हणजे आपल्याला जे चुकीचंच माहीत आहे ते. कलम 68 बद्दल तुझी समजूतच उलटी होती, म्हणून तपासतानाही तू तिथे बरोबरची खूण केलीस. यावर उपाय एकच: नियमाची ओळ तपासताना बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, उघडा ठेवायचा आणि कलमातले शब्द बोटाने वाचायचे. अप्पा बळवंत चौकात करार कायद्याची छोटी प्रत मिळते, ती घे. गाइड नको, गाइडमध्ये ‘मालमत्तेतून’ हा शब्द पुष्कळदा गळालेला असतो.

तपासायची रीत अशी ठेव. लिहिल्यावर दोन दिवस वही उघडू नकोस, नाहीतर कागदावर जे आहे त्याऐवजी डोक्यात होतं तेच वाचशील. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एकच शब्द लिही: हकिकत, नियम, आधार, किंवा युक्तिवाद. तुझ्या या उत्तरात मी हे केलं आणि साडेचार पानांत ‘युक्तिवाद’ एकदाही लिहावा लागला नाही. गुण देण्याआधीच निकाल दिसतो. त्यानंतर ओळीओळीने गुण दे आणि प्रत्येक गुणासाठी उत्तरातलं वाक्य अधोरेखित कर. वाक्य सापडलं नाही तर गुण नाही.

वेळेचंही बघ. 3 तासांत 80 गुण असतील तर 20 गुणांच्या उत्तराला 45 मिनिटं येतात. त्यातली पहिली पाच मिनिटं प्रश्नातले शब्द फोडण्यात गेली तर हकिकतीला दोन पानं देण्याची चैन उरत नाही, आणि ते बरंच आहे.

पुढच्या रविवारपर्यंत हाच प्रश्न पुन्हा लिही. मोजपट्टी वेगळ्या कागदावर, तुझे गुण भरून, घडी घालून वहीत ठेव. मी आधी उत्तर तपासेन, मग घडी उघडेन. तुझा आणि माझा फरक दोन गुणांच्या आत आला, की आपण विबंधनाकडे वळू. वय खोटं सांगणाऱ्या अज्ञानाला स्वतःच्या शब्दांनी बांधून घेता येतं का, हा त्यातला प्रश्न मी तुझ्यासाठी काढून ठेवला आहे.

तुझी,
मॅडम